एंडोमेट्रियल अ‍ॅब्लेशन: पाळी थांबली तरी गर्भनिरोधन का लागतं?

निशिगंध
माझं वय ४३, दोन मुलं, दोन्ही सिझेरियन. गेली काही वर्षं पाळीत अतोनात रक्तस्राव होतोय. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तासातासाला पॅड बदलावा लागतो, मोठमोठ्या गुठळ्या पडतात, रात्री उठून कपडे बदलणं नेहमीचंच. हिमोग्लोबिन ८.४ पर्यंत उतरलं तेव्हा शिरेतून लोह घ्यावं लागलं. ट्रॅनेक्झॅमिकच्या गोळ्यांनी थोडाफार फरक पडतो, पुरेसा नाही. मिरेना, म्हणजे गर्भाशयात बसवायचं हॉर्मोनचं साधन, बसवून पाहिली, पण रोजचं थोडं थोडं अंगावरून जाणं थांबेना म्हणून काढून टाकली.

सोनोग्राफीत गर्भाशय ९ सेंटिमीटर लांब, भिंतीत दीड सेंटिमीटरची एक गाठ, पोकळीत काही नाही. आता डॉक्टरांनी अ‍ॅब्लेशन सुचवलंय, म्हणजे गर्भाशयाचं आतलं अस्तर उष्णतेनं नष्ट करायचं. मला पिशवी काढायची नाहीये, त्यामुळे हे पटलं. पण संमतीपत्रावर लिहिलंय की यानंतरही रजोनिवृत्तीपर्यंत गर्भनिरोधन आवश्यक. नवरा म्हणतो, अस्तरच राहिलं नाही तर गर्भ रुजणार कुठे? मलाही नीट उत्तर देता आलं नाही. मला हे मानवेल का आणि ही गर्भनिरोधनाची भानगड काय आहे, कुणी सांगेल का?

रानवारा
माझंही हेच झालं होतं. भूल दिली, अर्ध्या तासात बाहेर. पण सांगते, उपयोग फार टिकत नाही. पुढची एक-दोन महिने पाळी हलकी आली आणि परत पहिल्यासारखी. आधी नीट विचार कर.

आर्या_के
रानवाराताई, तुमचं क्युरेटिंग झालं असावं. त्यात अस्तर खरवडून काढतात, ते पुढच्या पाळीपर्यंत पुन्हा वाढतंच. निशिगंध विचारतेय ते वेगळं आहे.

रानवारा
हो गं, कागद काढून पाहिले. क्युरेटिंगच होतं, तुकडा तपासायला पाठवला होता. मग अ‍ॅब्लेशनमध्ये ते परत का वाढत नाही?

डॉ_मृणाल
स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. निशिगंधला मी तपासलेलं नाही, तेव्हा शेवटचा शब्द तिच्या डॉक्टरांचाच.

अस्तराचे दोन थर असतात. वरचा थर दर महिन्याला जाड होतो आणि पाळीत गळून पडतो. त्याच्याखाली स्नायूला चिकटून एक पातळ तळाचा थर असतो, तो गळत नाही, आणि त्यातूनच वरचा थर पुन्हा तयार होतो. क्युरेटिंगमध्ये वरचा थर निघतो, तळाचा बहुतेक शाबूत राहतो. अ‍ॅब्लेशनमध्ये तळाच्या थरासह त्याखालच्या स्नायूचाही थोडा भाग मारायचा असतो. खोली काही मिलिमीटरांचीच असते, पण तेवढी गाठली नाही तर काम फसतं.

पद्धती बऱ्याच आहेत. दुर्बिणीतून पाहत विजेच्या लूपनं अस्तर कापून काढणं किंवा फिरत्या चेंडूनं जाळणं ही जुनी पद्धत. त्याला हात सरावलेला लागतो, आणि पोकळीत सोडलेलं द्रव शरीरात जास्त शोषलं जाणार नाही यावर सतत नजर ठेवावी लागते. नंतर आलेल्या उपकरणांत गरम पाण्यानं भरलेला फुगा किंवा पोकळीभर उघडणारी धातूची जाळी असते. जाळी आत उघडून रेडिओ लहरींची ऊर्जा दिली की दोन मिनिटांच्या आत काम होतं. फुग्याला त्याहून जास्त वेळ लागतो. पण ही उपकरणं पोकळीच्या ठरावीक आकारातच नीट बसतात. म्हणून पोकळी वेडीवाकडी असेल, आत मोठी गाठ डोकावत असेल किंवा गर्भाशय फार मोठं झालं असेल तर कडा आणि कोपरे सुटतात. निशिगंधचं ९ सेंटिमीटर आणि भिंतीतली दीड सेंटिमीटरची गाठ यांत अडचण दिसत नाही.

निशिगंध, दोन गोष्टी विचारते. पाळीत पोट खूप दुखतं का? आणि अस्तराचा तुकडा तपासलाय का?

निशिगंध
दुखतं, पण सोसवण्याइतपत. पहिल्या दिवशी एखादी गोळी पुरते. तुकडा अजून तपासलेला नाही, पुढच्या भेटीत घेणार म्हणाल्या.

डॉ_मृणाल
पोट फार दुखत नाही ही जमेची बाजू. ज्यांना रक्तस्रावाइतकंच दुखणंही तीव्र असतं, त्यांच्यात अस्तराच्या पेशी स्नायूत शिरलेल्या असण्याची शक्यता असते. आपण त्याला अ‍ॅडेनोमायोसिस म्हणतो. अ‍ॅब्लेशनची उष्णता तितक्या खोल पोहोचत नाही, मग रक्त कमी झालं तरी दुखणं तसंच राहतं. अशा बायकांना पुढे पिशवी काढावी लागण्याचं प्रमाण जास्त आहे.

तुकड्याची तपासणी मात्र टाळायची नाही. त्यात कर्करोग किंवा त्याआधीचे पेशींमधले बदल सापडले तर अ‍ॅब्लेशन करायचंच नाही. एकदा पोकळीत व्रण धरले की नंतर तुकडा मिळवणं अवघड होतं, आणि व्रणांमागे उरलेल्या अस्तरात काही सुरू झालं तरी रक्त बाहेर यायला वाट नसते. म्हणून उत्तर आधी हवं.

आता तुझ्या नवऱ्याच्या प्रश्नाकडे येते.

मंदार_
थांबा, मी तेच लिहायला आलो होतो. निशिगंधच्या मिस्टरांचं म्हणणं चुकीचं नाही. आमच्याकडेही हेच चाललंय, आणि मी वाचलंय की अ‍ॅब्लेशननंतर गर्भ राहण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी असते. गोळ्यासुद्धा नेहमीच्या वापरात याहून जास्त फसतात. मग अ‍ॅब्लेशन हेच गर्भनिरोधन का मानू नये? डॉक्टर स्वतःला वाचवायला लिहून घेत असतील.

डॉ_मृणाल
मंदार, आकडा तुम्ही बरोबर वाचलाय, प्रकाशित नोंदींमध्ये साधारण ०.७ टक्के असा तो येतो. पण तो काढताना मोजलेल्या बायकांमध्ये पुष्कळ जणींचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं, किंवा नवऱ्याची नसबंदी झालेली होती, किंवा दुसरं काही साधन चालू होतं. काहीच न वापरणाऱ्या बाईची जोखीम त्या आकड्यातून कळत नाही. ४० ओलांडलेल्या बायका त्यात बऱ्याच असतात, म्हणूनही आकडा कमी दिसतो. ३५ वर्षांच्या बाईला तोच आकडा लावता येणार नाही.

मुळात अ‍ॅब्लेशन बीजांडकोशाला हात लावत नाही. बीजांड दर महिन्याला सुटतं, नळीतून येतं, शुक्रजंतू भेटला तर फलितही होतं. अस्तर बहुतांशी गेलेलं असतं, पण सगळं कधीच जात नाही. नळ्या जिथे उघडतात त्या वरच्या दोन कोपऱ्यांत बेटांसारखं थोडं अस्तर उरतं. अ‍ॅब्लेशननंतर पाळी पूर्ण थांबणाऱ्या बायका निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतात, बाकीच्यांना हलकी पाळी येत राहते. म्हणजे कुठेतरी अस्तर जिवंत आहे. गर्भ तिथे रुजू शकतो.

आणि रुजला तर पुढचं सगळं जोखमीचं. नीट अस्तर नसल्यामुळे वार थेट स्नायूत शिरते, प्रसूतीनंतर सुटत नाही, प्रचंड रक्तस्राव होतो आणि जीव वाचवायला पिशवी काढावी लागू शकते. गर्भपात, मुदतीआधी पाणी जाणं, बाळाची वाढ खुंटणं, गर्भाशय फाटणं, नळीत गर्भ राहणं, हे सगळं नोंदलेलं आहे. काहींचं बाळ सुखरूप जन्मलंय, पण ती वाट कुणाला दाखवावी अशी नाही. आणि नको म्हणून गर्भ काढायचं ठरवलं तरी व्रणांनी पोकळी वाकडीतिकडी झालेली असते. हत्यार पुढे जात नाही, भिंतीला भोक पडू शकतं.

आणखी एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त काळजीची वाटते. पाळी चुकली की बाईला लगेच कळतं. अ‍ॅब्लेशननंतर पाळीच येत नसेल तर ती खूणच नाहीशी होते. मळमळ, छातीत दुखरेपणा, थकवा हे सगळं चाळिशीतली बाई सहज रजोनिवृत्तीच्या नावावर घालते, आणि गर्भ लक्षात येईपर्यंत बराच काळ गेलेला असतो. त्यात गर्भ नळीत असेल तर पहिली खूण म्हणजे एका बाजूला ओटीपोटात कळ, चक्कर, खांद्यात दुखणं, आणि तेव्हा तास मोजायचे असतात. म्हणून अ‍ॅब्लेशन झालेल्या बाईला असं काही झालं तर लघवीची गर्भ चाचणी आधी.

मंदार_
पटलं. नळीत गर्भ राहण्याचा विचार मी केलाच नव्हता.

ईशा_ली
डॉक्टर, एक विचारू का? माझं वय ३४, एक मूल आहे, दुसरं चार-पाच वर्षांनी हवंय. तोवर पाळीचा त्रास नको म्हणून आता अ‍ॅब्लेशन केलं आणि मग मूल हवं असेल तेव्हा अस्तर पुन्हा वाढवता येईल का?

डॉ_मृणाल
नाही, ईशा. हे कायमचं आहे आणि अस्तर परत आणता येत नाही. मूल हवं असेल, शंका जरी असेल, तर हा उपाय तुझ्यासाठी नाहीच. शिवाय तरुण वयात केलं तर पुढची जास्त वर्षं उरलेली असतात आणि पुन्हा काहीतरी करावं लागण्याची शक्यता वाढते. तुझ्यासाठी मिरेना किंवा गोळ्या यांचा मार्ग नीट वापरून पाहा, आणि त्याआधी इतकं रक्त का जातंय हे शोध. थायरॉइड, रक्त गोठण्यातला दोष, पोकळीतला पॉलिप, यांतलं काही असेल तर उपाय तिथेच आहे.

सुमेधा७७
मी माझं सांगते, कारण मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. माझं दुसऱ्या बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे गर्भनिरोधनाची चिंता नव्हती. अ‍ॅब्लेशन उत्तम झालं, पाळी थांबली, वर्षभर मी अगदी खूश होते. मग दर महिन्याला ठरलेल्या सुमारास डाव्या बाजूला, कधी दोन्ही बाजूंना, अशी कळ यायची की उभं राहता येत नसे. रक्ताचा थेंब बाहेर येत नव्हता. आधी मूतखडा म्हणून तपासलं, मग आतड्याचं म्हणून. शेवटी एका डॉक्टरांनी दुखत असताना सोनोग्राफी केली, तेव्हा गर्भाशयाच्या कोपऱ्यात साठलेलं रक्त आणि फुगलेली नळी दिसली. शेवटी पिशवी आणि नळ्या काढाव्या लागल्या. त्यानंतर त्रास नाही.

डॉ_मृणाल
सुमेधाताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. खाली व्रणांनी वाट बंद, वर नळी बांधलेली, आणि मध्ये कोपऱ्यात उरलेलं अस्तर दर महिन्याला रक्त सोडतंय. ते रक्त नळीच्या बांधलेल्या टोकापर्यंत जाऊन अडकतं. नळ्या बांधलेल्या बायकांमध्ये अ‍ॅब्लेशननंतर असा त्रास होऊ शकतो, पण सगळ्यांना होत नाही. दुखत असतानाच तपासणी केली तर सापडतं, चार दिवसांनी केली तर रक्त शोषलं गेलेलं असतं आणि सगळं नॉर्मल दिसतं. म्हणून अ‍ॅब्लेशननंतर पाळी नसतानाही महिन्याच्या ठरावीक वेळी दुखणं येत असेल तर तारखा लिहून ठेवा. ऑपरेशन झालेल्या बाईनं अ‍ॅब्लेशन करूच नये असं नाही, पण हे बोलणं आधी व्हायला हवं.

निशिगंध
हे वाचून गोंधळले. मग मी गर्भनिरोधनासाठी करू तरी काय? माझा विचार होता की भूल देणारच आहेत तर दुर्बिणीतून नळ्याही बांधून घ्याव्यात.

डॉ_मृणाल
करतात तसंही. पण त्यात पोटावर दुसरी शस्त्रक्रिया होते, आणि सुमेधाताईंनी सांगितलेली शक्यता येते. काही सर्जन नळ्या बांधण्याऐवजी पूर्ण काढतात, त्यानं नळीत रक्त अडकण्याचा प्रश्न राहत नाही, कोपऱ्यात साठण्याचा राहू शकतो. नवऱ्याची नसबंदी यात सगळ्यांत सुटसुटीत. तुझ्या शरीरावर आणखी काही करावं लागत नाही.

मिरेना अ‍ॅब्लेशनच्या वेळीच बसवायची असाही प्रघात काही ठिकाणी आहे. रक्तस्राव आणखी कमी होतो, गर्भनिरोधन होतं. नंतर बसवायला गेलं तर पोकळी आक्रसलेली असते, म्हणून त्याच वेळी. पण तुला तिचा त्रास झालेला, आणि पुढे ती काढताना व्रणांत अडकू शकते. या बाबतीत डॉक्टरांमध्येही एकमत नाही, मी स्वतः सरसकट बसवत नाही. कंडोम, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, दंडाच्या त्वचेखाली बसवायची हॉर्मोनची काडी हेही चालतं.

वसुधा_ज
माझं अ‍ॅब्लेशन होऊन बराच काळ झाला, पाळी पूर्ण थांबली. आता ५१ ची आहे. गर्भनिरोधन थांबवायचं कधी? पाळी गेल्याला एक वर्ष झालं की थांबवायचं असं ऐकलं होतं, पण माझी पाळी कधी गेली हे कळणार कसं?

डॉ_मृणाल
बरोबर पकडलंत. पन्नाशीनंतर पाळी थांबून एक वर्ष, पन्नाशीआधी दोन वर्षं, हा नियम तुम्हाला लागू होत नाही, कारण तुमची पाळी बीजांडकोश थकल्यानं थांबलेली नाही. साधारण ५५ वर्षांपर्यंत चालू ठेवणं हा सोपा मार्ग. त्याआधी थांबवायचं असेल तर पन्नाशीनंतर एफएसएच ही रक्ताची तपासणी उपयोगी पडते, पण एका आकड्यावर तुमचा तुम्ही निर्णय घेऊ नका. हॉर्मोनची कुठली साधनं चालू आहेत त्यावर तिचा अर्थ बदलतो.

आणखी एक. पुढे घाम, गरम वाफा यांसाठी कुणी इस्ट्रोजेन सुचवलं, तर अ‍ॅब्लेशन झालंय हे आवर्जून सांगा. पिशवी आहे आणि त्यात अस्तराचा अंश आहे, म्हणून प्रोजेस्टेरॉनही जोडीनं घ्यावं लागतं. आणि बऱ्याच काळानंतर अचानक रक्त आलं, थोडं आलं तरी, तपासून घ्यायचं.

आर्या_के
निशिगंधचं दोन सिझेरियनचं काय? माझ्या बहिणीला त्याच कारणानं नको म्हणाले होते.

डॉ_मृणाल
चांगली आठवण केलीत. नेहमीच्या आडव्या छेदाचं सिझेरियन असेल तर अ‍ॅब्लेशनला सरसकट नकार नसतो. व्रणाच्या जागी भिंत किती जाड उरलीय ते आधी योनीमार्गातून सोनोग्राफी करून मोजतात. समोरच मूत्राशय असतो, भिंत पातळ असेल तर उष्णता तिथपर्यंत जाऊ शकते. काही उपकरणांना ८ ते १० मिलिमीटरची अट लावतात, काही सर्जन इतके कडक नसतात, म्हणून दोन डॉक्टर दोन वेगळी उत्तरं देऊ शकतात. गर्भाशयावर उभा छेद असेल किंवा भिंतीतून आरपार गाठ काढलेली असेल तर मात्र बहुतेक जण नकोच म्हणतात. निशिगंध, छेद कसा होता ते जुन्या कागदांत बघ. पोटावरचा छेद आडवा असला तरी गर्भाशयावरचा उभा असू शकतो.

निशिगंध
भेट झाली. तुकडा स्वच्छ आला. कागदांत दोन्ही वेळा खालचा आडवा छेद लिहिलाय. पण व्रणाजवळ भिंत ६ मिलिमीटरच निघाली. डॉक्टर म्हणाल्या, फुगा किंवा जाळी वापरण्यापेक्षा दुर्बिणीतून समोर बघत लूपनं करू, तो भाग जपता येईल. दुसरं मत घ्यायला हरकत नाही असंही त्याच म्हणाल्या.

पाळी पूर्ण थांबेलच असं नाही, कमी झाली तरी हिमोग्लोबिन सावरेल, त्यासाठी काही महिने वाट बघावी लागेल असंही सांगितलं. नंतर दोन-तीन आठवडे पाण्यासारखा लालसर स्राव होईल, पण ताप, दुर्गंध किंवा दुसऱ्या दिवसापासून वाढत जाणारं पोटदुखी-उलट्या असं झालं तर रात्र असली तरी यायचं. पिशवीला किंवा आतड्याला इजा झाली तर असंच सुरू होतं म्हणाल्या. दुसरं मत घेणार आहे, ठरवलेलं नाही.

नवरा मात्र हे सगळं वाचून नसबंदीला तयार झालाय. त्यांचा प्रश्न आहे की माझं अ‍ॅब्लेशन आणि त्यांचं ऑपरेशन एकाच आठवड्यात झालं तर लगेच निर्धास्त होता येईल का?

डॉ_मृणाल
नाही. नसबंदीनंतरही वरच्या नळीत शुक्रजंतू उरलेले असतात. साधारण तीन महिन्यांनी वीर्य तपासून त्यात शुक्रजंतू नाहीत असा अहवाल हातात येईपर्यंत कंडोम वापरायचाच. जमलं तर त्यांचं आधी उरकून घ्या. आणि तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी गर्भ चाचणी करतीलच, त्याआधीच्या महिन्यातही काळजी घ्या, कारण अगदी सुरुवातीचा गर्भ त्या चाचणीत सुटू शकतो.

मंदार_
डॉक्टर, तीन महिन्यांनी पहिल्या तपासणीत थोडे शुक्रजंतू दिसले तर ऑपरेशन फसलं समजायचं का?

डॉ_मृणाल
लगेच नाही. काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात, बऱ्याचदा तोवर साफ होतात. हलणारे शुक्रजंतू दिसत राहिले तर मात्र सर्जनकडे परत जायचं. तोपर्यंत कंडोम चालू.